बळद हा शब्द आहे की नाही?

पडद्यावर एक शब्द येतो. तो मराठी शब्द असेल तर उजव्या हाताने `J` दाबायचं, नसेल तर डाव्या हाताने `F`. विचार करत बसायचं नाही, पण चुकायचंही नाही. बस, एवढंच. एम.ए.च्या पहिल्या वर्षी सरांच्या लॅबमध्ये मी हा प्रयोग पहिल्यांदा दिला तेव्हा वाटलं, यात संशोधन करण्यासारखं आहे काय? लेकरांचा खेळ वाटतो. शेवटी सरांनी माझे आकडे उघडून दाखवले. ‘पाणी’ला मी सव्वापाचशे मिलिसेकंद घेतले होते आणि ‘पोहरा’ला पावणेसातशे. दोन्ही शब्द मला लहानपणापासून माहीत, दोन्हींत मी अडखळले नव्हते, निदान मला तसं जाणवलं नव्हतं. तरी बोटाने दीडशे मिलिसेकंद जास्त घेतले होते. रोजच्या वापरातला शब्द लवकर सापडतो, क्वचित भेटणारा उशिरा. मनात शब्द साठवलेले आहेत आणि त्यांची काहीतरी मांडणी आहे, असं मानायला भाग पाडणारे जे पुरावे आहेत, त्यातला हा सगळ्यात साधा. या साठ्याला मेंटल लेक्सिकन म्हणतात. मी मनातला कोश म्हणते.

मला करायचा होता तो प्रयोग याच्या पुढच्या पायरीचा, प्रायमिंगचा. १९७१ साली मेयर आणि श्वानवेल्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एकाखाली एक अशा दोन अक्षरओळी दाखवल्या आणि दोन्ही खरे शब्द आहेत का, एवढंच विचारलं. ‘ब्रेड’खाली ‘बटर’ असेल तर उत्तर जलद आलं, ‘नर्स’खाली ‘बटर’ असेल तर मंद. फरक साधारण ८५ मिलिसेकंदांचा. शब्दांचा एकमेकांशी संबंध आहे का, हे कुणी विचारलंच नव्हतं, तरी तो संबंध घड्याळात उतरला. एक शब्द जागा झाला की त्याच्या शेजारपाजारचे शब्दही अर्धवट जागे होतात, असं त्याचं नेहमीचं स्पष्टीकरण. पुढे या प्रयोगाची रीत बदलली. आता आधी एक शब्द क्षणभर दाखवतात, तो प्राइम. त्याच्यामागून दुसरा येतो, तो टार्गेट, आणि निर्णय फक्त टार्गेटवर घ्यायचा असतो.

मला हे मराठीत करायचं होतं, आणि पुण्यातल्या पोरांवर नाही. माझं सगळं शिक्षण संभाजीनगरातल्या फ्लॅटमध्ये राहून झालेलं, पण आईचं माहेर अंबाजोगाईकडचं. तिथल्याच एका कॉलेजात ओळखीचे प्राध्यापक होते, त्यांनी सुट्टीच्या दिवसांत कॉम्प्युटर लॅब वापरायला दिली.

पहिला अडथळा आला तो जोड्यांचा. इंग्रजी यादीतल्या जोड्या मराठीत आणू म्हटलं तर हातात ‘डॉक्टर–परिचारिका’ येते. ‘परिचारिका’ हा शब्द पेपरात भरतीच्या जाहिरातीत भेटतो. सरकारी दवाखान्यात असते ती सिस्टर. ‘ब्रेड–बटर’चं तर बोलायलाच नको. म्हणून मी चाळीस मुलांना कागद वाटले आणि प्रत्येक शब्दासमोर मनात पहिला येईल तो शब्द लिहा म्हटलं. डॉक्टरपुढे सर्वांत जास्त आलं ‘दवाखाना’, त्याखालोखाल ‘सुई’. भाकरीपुढे ‘ठेचा’ आणि ‘पिठलं’ यांची चुरस झाली. कापसापुढे ‘बोंड’. विहिरीपुढे ‘पाणी’ पहिलं आलं, पण ते इतकं जवळचं आणि इतकं वापरातलं की त्याचा वेग आणखी वाढायला जागाच उरत नाही. म्हणून मी ‘पोहरा’ घेतला. अशा चाळीस जोड्या जमल्या.

आता या जोड्यांची तुलना कशाशी करायची? ‘डॉक्टर–दवाखाना’ची तुलना ‘विहीर–बोंड’शी केली तर ‘दवाखाना’ चार अक्षरांचा आणि ‘बोंड’ दोन. मग फरक संबंधामुळे पडला की लांबीमुळे, कोण सांगणार? यावर जुना उपाय आहे, दोन याद्या करायच्या. अ यादीत डॉक्टर–दवाखाना, भाकरी–ठेचा, विहीर–बोंड, कापूस–पोहरा. ब यादीत भाकरी–दवाखाना, डॉक्टर–ठेचा, कापूस–बोंड, विहीर–पोहरा. तेच आठ शब्द, पण अ यादीत ज्याला ओळखीचा शेजारी मिळाला त्याला ब यादीत परका मिळतो. निम्म्या मुलांना अ द्यायची, निम्म्यांना ब. मग ‘दवाखाना’ची तुलना ‘दवाखाना’शीच होते आणि लांबी, जोडाक्षरं, वापर हे सगळे प्रश्न तिथेच मिटतात. सगळ्या जोड्या नात्याच्या दिसल्या तर मुलं पुढचा शब्द ताडू लागतील, म्हणून वीस जोड्या मुद्दाम बिनसंबंधाच्या घातल्या.

वेळेचं गणित पडद्याकडून येतं. लॅबचे मॉनिटर सेकंदाला साठ वेळा चित्र बदलणारे, म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. त्यापेक्षा बारीक काही दाखवताच येत नाही. आधी अर्धा सेकंद मधोमध अधिकचं चिन्ह, मग प्राइम नऊ फ्रेम, मग तीन फ्रेम कोरा पडदा, मग टार्गेट. प्राइम दिसल्यापासून टार्गेट येईपर्यंत बारा फ्रेम, बरोबर दोनशे मिलिसेकंद. हा आकडा मी उगाच धरला नव्हता. १९७७ साली नीली यांनी दाखवलं की मधला वेळ पाऊण सेकंदाच्या आसपास असला तर माणूस मुद्दाम अंदाज बांधून तयार राहू शकतो. पाव सेकंदात मात्र ते जमत नाही, तिथे जे होतं ते आपोआप होतं. मला आपोआप होणारंच मोजायचं होतं.

सॉफ्टवेअर सायकोपाय वापरलं. त्यात देवनागरी टाकली की जोडाक्षरं फुटायची आणि ‘विहीर’मधला पहिला इकार भलतीकडेच जाऊन बसायचा. दोन दिवस फाँट बदलण्यात घालवले. मग शहाणपण सुचलं आणि प्रत्येक शब्दाचं चित्र करून तेच दाखवलं.

राहिले खोटे शब्द. हे काम मला सगळ्यात किरकोळ वाटत होतं. खरे साठ शब्द, तर खोटेही साठ हवेत, नाहीतर मूल सारखं `J`च दाबत राहील. मी पहिल्यांदा वेडीवाकडी जोडाक्षरं ठोकून ‘क्टप्ळ’ छापाची यादी केली. सरांनी ती परत पाठवली. म्हणाले, “अगं, हे नुसतं बघूनच कळतंय. कोशात जायची गरजच पडत नाही. मग तू कोश कुठला मोजतेयस?” मुद्दा खरा होता. खोटा शब्द शब्दासारखाच दिसला पाहिजे, नाहीतर वाचणारा वरवरच्या रूपावरून निर्णय घेतो आणि मग वापराचा परिणाम, प्रायमिंगचा परिणाम, सगळंच पातळ होतं. मग मी नेहमीची पद्धत धरली, खरा शब्द घ्यायचा आणि त्यातलं एक अक्षर बदलायचं. दुकानचं ‘दुवान’ केलं, खिडकीचं ‘खिडपी’, डोंगरचं ‘डोंपर’. टोपीचं ‘कोपी’. हळदीतला ‘ह’ काढून ‘ब’ घातला आणि झालं ‘बळद’.

साठच्या साठ शब्द मी एका रात्रीत पाडले. ऑनलाइन मराठी बातम्यांत शोधून पाहिलं, प्रमाणभाषेच्या छोट्या शब्दकोशात पाहिलं, शंका असलेले चार बदलले. आईला दाखवावेत हे काही सुचलं नाही.

प्रयोगाला बत्तीस मुलं-मुली आल्या. बहुतेक अंबाजोगाई, केज, धारूरच्या बाजूच्या खेड्यांतल्या, काही गावातल्या. एका खोलीत चार-चार जण बसवले, पंखे बंद, मोबाईल बाहेर. दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली आणि दोघांचे आकडे अर्धवट राहिले, ते पुन्हा बसवले. बाकी सगळं सुरळीत. मी मात्र एक आगाऊपणा केला होता. सरावात उत्तर चुकलं की पडद्यावर तांबड्यात ‘चूक’ असं उमटायचं, आणि ते मी मुख्य प्रयोगातही तसंच ठेवलं. मुलं जागरूक राहतील, हा माझा हिशेब.

तिसऱ्या दिवशी केजकडच्या एका गावचा मुलगा प्रयोग संपवून उठला तो थेट माझ्यापाशी आला. “मॅडम, तुमच्या मशिनीत गडबड हाय.”

“काय झालं?”

“बळद दाबलं तर चूक दाखवायली. आमच्या आज्जीच्या घरी बळद हाय की. अजून हाय.”

मी म्हटलं, “बळद म्हणजे काय?” त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मराठीत एम.ए. करणारी ही बाई कोण आहे! दारातले शिपाई मामा हसले आणि त्यांनी हातवारे करून सांगितलं. जुन्या वाड्यात भिंतीलगत धान्याची कोठी बांधून काढलेली असते. वरून ज्वारी ओतायची आणि लागेल तशी खालच्या तोंडातून काढायची. “लई धान्य मावतं बघा,” मामा म्हणाले. “आता कुठलं बळद आन् कुठली ज्वारी.”

रात्री आकडे उघडले. प्रत्येक खोट्या शब्दाला किती जणांनी `J` दाबलं याची यादी लावली. ‘दुवान’ला एक, ‘खिडपी’ला दोन, ‘डोंपर’ला शून्य. बहुतेक शब्द असेच. ‘कोपी’ला चौदा. ‘बळद’ला बत्तीसपैकी एकोणीस.

```
id,list,prime,target,type,key,rt
17,B,खुर्ची,बळद,nonword,J,0.641
```

‘कोपी’चं उत्तर मामांनी न विचारताच दिलं. बीड जिल्ह्यातून कारखान्याला ऊस तोडायला जाणारं कुटुंब फडाशेजारी पाचटाची, ताडपत्रीची झोपडी घालतं, ती कोपी. वर्गातल्या कितीतरी मुलांची दिवाळीनंतरची शाळा त्या कोपीतच बुडाली होती. आणि मी टोपीतला ‘ट’ बदलून तो माझा खोटा शब्द म्हणून बसवला होता.

तरीही सरांना सांगण्याआधी मी स्वतःलाच उलटतपासणीला उभं केलं. मुलांना शब्द माहीत होता असं लगेच कसं म्हणायचं? दुसरं स्पष्टीकरणही आहे. घाईत मुलांनी ‘बळद’चं ‘हळद’ वाचलं असेल. हे अगदी शक्य आहे. खोट्या शब्दाला एका अक्षराच्या अंतरावरचे खरे शेजारी असले की त्याला नाही म्हणायला वेळ लागतो, हे कोल्टहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवलेलं आहे. ‘हळद’ हाक मारत असते आणि मन क्षणभर फसतं. शिवाय हळद म्हणजे आमच्या हिंगोली-वसमत भागाचं पीक, म्हणजे कानावर सतत पडणारा शब्द.

दोन्ही स्पष्टीकरणं वेगळी कशी करायची? वाचनातली फसगत असेल तर ‘दुवान’ही फसवायला हवा, कारण दुकान काही हळदीपेक्षा कमी वापरातला नाही. त्याला फक्त एक जण फसला. दुसरी खूण मला जास्त पटली. डोळ्यांची फसगत खेड्यात आणि शहरात सारखीच व्हायला हवी. फॉर्मवर मी प्रत्येकाची शाळा कुठल्या गावात झाली हे विचारलं होतं. बळदला हो म्हणणाऱ्या एकोणीसांपैकी सतरा खेड्यांतले निघाले. त्यांच्या उत्तरांना लागलेला वेळही ‘पोहरा’, ‘तिफण’ अशा कमी वापरातल्या खऱ्या शब्दांच्या आसपास होता. म्हणजे चुकून बोट पडलं अशी घाई त्यात नव्हती आणि गोंधळलेल्या माणसाची रेंगाळही नव्हती. त्यांच्या कोशात तो शब्द होता, त्यांनी तो काढला आणि मशीनने त्यांना चूक म्हटलं.

आता यात माझ्या मूळ प्रश्नाचं काय बिघडलं? खोट्या शब्दांचे आकडे मला तसेही मोजायचे नव्हते, मला हवे होते ‘दवाखाना’ आणि ‘ठेचा’चे. बिघडलं ते त्या तांबड्या ‘चूक’मुळे. चूक झाली हे कळलं की माणूस पुढच्या वेळी हात आखडता घेतो आणि त्याचं पुढचं उत्तर मंदावतं. हा परिणाम जुना, चांगला तपासलेला आहे. प्रत्येकाला शब्दांचा क्रम वेगळा होता, त्यामुळे ‘बळद’च्या मागून कुणाला ‘डॉक्टर–दवाखाना’ आलं, कुणाला ‘कापूस–पोहरा’. ज्या मुलाचा खरा शब्द खोटा ठरवला होता तो नेमका तिथे थबकला. तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या फरकासाठी मी आले होते, आणि माझ्या चुकीने एकेका ठिकाणी त्याहून मोठी खळ पडत होती. काहींनी तर नंतर सांगितलं, “मशीनला आपली भाषा येत नाही असं वाटलं, म्हणून शंका आली की नाही दाबायलो.” म्हणजे निर्णयाची रेषाच सरकली होती. आता ते ‘हा मराठी शब्द आहे का’ याचं उत्तर देत नव्हते. ‘शहरातल्या मॅडमला हा शब्द वाटत असेल का’, याचं देत होते.

सरांना फोन केला. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “ते बत्तीस जण बाजूला ठेव. नवी यादी, नवी मुलं.”

नवी यादी करताना मी खोटे शब्द पाडले आणि तीन ठिकाणी मोठ्याने वाचले. आईपुढे, मामांपुढे आणि मुलींच्या होस्टेलच्या गच्चीवर. मी वाचत जायचे, आणि कुणी “हा आहे” म्हटलं की तो बाद. साठातून आणखी पाच शब्द असे गळाले. दोन तर फक्त होस्टेलमधल्या एकाच मुलीला माहीत होते, तिच्या गावातल्या ओढ्याची नावं. विशेषनामंसुद्धा कोशात असतात, याचाही मी विचार केलेला नव्हता. ‘चूक’ची पाटी फक्त सरावात ठेवली.

दुसऱ्या फेरीत अठ्ठावीस जण. पाव सेकंदाच्या आतली आणि दीड सेकंदावरची उत्तरं वगळली. पहिली बोट आधीच टेकलेलं असल्याची खूण, दुसरी मन खिडकीबाहेर गेल्याची. चुकीची उत्तरंही वगळली. उरलेल्यात ‘डॉक्टर’नंतरचा ‘दवाखाना’ ‘भाकरी’नंतरच्या ‘दवाखान्या’पेक्षा लवकर आला आणि चाळीस शब्दांची सरासरी काढली तर फरक तीसेक मिलिसेकंदांचा होता. दोन फ्रेमहून थोडासा कमी. काही मुलांमध्ये तो उलटाही होता. एकट्या माणसाच्या वीस-वीस उत्तरांवरून काही सांगता येत नाही, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

तोंडी परीक्षेत मला विचारलं, “म्हणजे मराठी वाचक शब्द साडेसहाशे मिलिसेकंदांत ओळखतो?” नाही. त्या साडेसहाशेत निर्णय आहे, बोट हलणं आहे, कळफलकाची स्वतःची ढिलाई आहे. सरावलेला वाचक चालू मजकुरात एका शब्दावर पाव सेकंदाच्या आसपासच थांबतो आणि पुढे जातो. शब्द सापडणं त्या आतच कुठेतरी झालेलं असतं. कळफलकाची ढिलाई दोन्ही बाजूंना सारखीच असते म्हणून वजाबाकीत ती निघून जाते, आणि माझा भरवसा त्या वजाबाकीवर होता. एकूण आकड्यावर नव्हता. दुसरा प्रश्न जास्त टोकदार होता. खोट्या शब्दाचं प्राइमशी नातं कधीच नसतं. मग टार्गेट दिसल्यावर ‘अरे, हे तर डॉक्टरशी जुळतंय’ एवढं जरी जाणवलं तरी उत्तर हो असणार हे ठरलंच. म्हणजे शेजारी आधी जागा झाला, की मागे वळून पाहिल्यावर नातं दिसलं? मधला वेळ दोनशे ठेवून अंदाज बांधणं टळतं, हे मागे वळून पाहणं टळत नाही. माझ्या प्रयोगात ते वेगळं काढायची सोय नव्हती, तसं मी सांगितलं.

अंबाजोगाई सोडायच्या आदल्या संध्याकाळी लॅब आवरताना मी स्वतःच बसले. गंमत म्हणून एक तिसरी यादी केली होती. त्यात बळद आणि कोपी खऱ्या शब्दांत टाकले होते, एकशेवीस शब्दांत कुठेतरी. त्याच दुपारी मामांनी मला त्यांच्या चुलत्यांच्या वाड्यात नेऊन बळद दाखवलं होतं. मी त्याच्या तोंडात हात घालून पाहिला होता. आत अजून जुन्या ज्वारीचा वास होता.

‘कोपी’ला `J`, ७८८ मिलिसेकंद. ‘बळद’ला `F`, ७०३.